किरकोळ लागलंय

बुटीबोरी एमआयडीसीतला एखादा मध्यम कारखाना डोळ्यांसमोर आणा. रात्रपाळी चालू आहे, बॉयलर हाउसला कोळसा नेणारा पट्टा फिरतो आहे आणि घड्याळात 1 वाजून 50 मिनिटं झाली आहेत. पट्ट्याच्या खालच्या टोकाला, टेल पुलीपाशी, सांडलेला कोळसा फावड्याने ओढणारा सव्वीस वर्षांचा कंत्राटी कामगार पट्टा आणि पुली यांच्या मध्ये खेचला जातो. उजवा हात खांद्यापर्यंत आत जातो आणि छाती चौकटीवर दाबली जाते. पलीकडे उभ्या असलेल्या सोबत्याने पट्टा थांबवायची दोरी ओढली आणि पट्टा थांबला. तो शुद्धीवर आहे.

हा प्रसंग कुठल्याही एका कारखान्याचा नाही. समजायला सोपा जावा म्हणून जुळवलेला आहे. पण त्यातला एकेक तुकडा कारखान्यात काम केलेल्या माणसाला ओळखीचा वाटेल. पुढे जे लिहितो आहे ते या एकाच रात्रीबद्दल, त्यानंतरच्या सकाळबद्दल आणि पुढच्या तीन महिन्यांबद्दल आहे. त्यातलं बरंचसं एका फोनबद्दल आहे, कारण बाकीच्या गोष्टींची तालीम होते, त्या फोनची कोणीच करत नाही.

रात्री दोनला कारखान्यात नेतृत्व कोणाकडे असतं? प्लांट हेड नागपुरात घरी झोपलेले असतात आणि एचआरचं कार्यालय कुलूपबंद असतं. जागेवर असतो तो शिफ्ट इन्चार्ज, बहुतेकदा तीस-बत्तिशीचा इंजिनिअर. पुढच्या तासाभरात तो जे करेल आणि जे होऊ देणार नाही, त्यावर पुढचं सगळं ठरतं. त्याच्या हातून होणारी पहिली चूक म्हणजे तो स्वतःच हात लावायला धावतो. माणूस म्हणून ते अगदी स्वाभाविक आहे. पण तो गुडघ्यावर बसला की त्याला फक्त जखम दिसते. रुग्णवाहिका फाटकावर येऊन कोणीतरी वाट दाखवण्याची वाट पाहत उभी आहे, हे त्याला दिसत नाही. त्याने दोन पावलं मागे उभं राहायचं आणि नाव घेऊन चार माणसांना चार कामं द्यायची. एकाने जखमीपाशी बसायचं आणि तिथून उठायचं नाही. दुसऱ्याने 108 ला फोन करून बॅटरी घेऊन मुख्य रस्त्यावर जायचं, कारण एमआयडीसीत रात्री सगळे रस्ते सारखेच दिसतात. तिसऱ्याने एमसीसी रूममध्ये, म्हणजे मोटारींच्या विजेच्या पॅनेलच्या खोलीत, जाऊन पट्ट्याची वीज तोडणारा आयसोलेटर बंद करून त्याला कुलूप लावायचं. चौथ्याने माणसं मागे हटवायची. ‘कोणीतरी फोन लावा रे’ असं ओरडलं की पाच जण फोन लावतात किंवा एकही लावत नाही.

अशा वेळी गर्दीतून एक सल्ला हमखास येतो: ‘पट्टा उलटा फिरवा, हात सुटेल.’ हे करू द्यायचं नाही. उलट्या फिरण्याने चिरडलेला भाग आणखी फाटतो, आणि पट्टा किती सरकून थांबेल हे पॅनेलवरच्या माणसाच्या हातात नसतं. दुसरा धोका दिसत नाही, म्हणून जास्त वाईट आहे. वीज बंद केली तरी पट्टा सैल होत नाही. टेक-अपचं, म्हणजे पट्टा ताठ ठेवायला टांगलेलं वजन त्याला ताणून धरून असतं, आणि चढावर भरलेला कोळसा पट्ट्याला खाली, म्हणजे नेमका त्या माणसाच्या दिशेने ओढत असतो. म्हणून आधी टेल पुलीच्या अलीकडे पट्टा वरून-खालून क्लॅम्प करून चौकटीला बांधायचा, मग चेन ब्लॉकने, म्हणजे साखळीच्या कप्पीने, टेक-अपचं वजन उचलायचं, आणि ताण गेल्याची खात्री झाल्यावर धारदार सुरीने पट्टा कापायचा. नवा पट्टा महाग पडेल हा विचार त्या क्षणी कोणाच्या मनात येऊ नये, म्हणून ‘काप’ हा शब्द इन्चार्जने स्वतः, मोठ्याने उच्चारावा. रक्त वाहत असेल तर कापडाचा घट्ट दाब. त्याने थांबत नसेल आणि जखमेच्या वर जागा असेल तर चार बोटं वर टूर्निकेट, म्हणजे रक्त थांबवणारा पट्टा, आवळायचं आणि आवळल्याची वेळ लिहायची. ही वेळ डॉक्टर विचारतात. पाणी मागितलं तरी प्यायला द्यायचं नाही, कारण पुढे भूल द्यावी लागणार असते. ओठ ओले करायला हरकत नाही.

आणि वही. इन्चार्जच्या हातात एक साधी वही असावी आणि त्याने एकाच घड्याळावरून, म्हणजे स्वतःच्या मोबाईलवरून, वेळा टिपत जावं. 1:50 पट्टा थांबला. 1:54 ला 108 ला फोन. 1:58 आयसोलेटरला कुलूप, चावी कोणाकडे. 2:17 सुटका. 2:24 रुग्णवाहिका फाटकातून बाहेर. सीसीटीव्हीचं घड्याळ आणि बॉयलरच्या पॅनेलचं घड्याळ मोबाईलपेक्षा किती मिनिटं पुढे-मागे आहे, तेही त्याच रात्री लिहून ठेवायचं. ‘पट्टा आधी थांबला की माणूस आधी अडकला’ असा वाद पुढे होतो, तो निम्म्या वेळा घड्याळांच्या फरकाचा असतो. जखमीपाशी बसलेल्याला सांगायचं की तो जे बोलेल ते लक्षात ठेव आणि नंतर मला सांग. हे का, ते शेवटी येईल.

रुग्णालय कोणतं, हा प्रश्न त्या रात्री पडला तर फार उशीर झालेला असतो. वर्धा रोडने शहराकडे येताना मिहानमधलं एम्स आधी लागतं, मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं शहरात, ईएसआयचं म्हणजे कामगार विम्याचं रुग्णालय सोमवारी पेठेत. यातलं चिरडलेल्या जखमेला रात्री तीनला कोण घेतं, रक्त कुठे मिळतं, कोणत्या दारातून आत जायचं, हे आधीच प्रत्यक्ष जाऊन, विचारून, कागदावर लिहून भिंतीला लावलेलं असावं. रुग्णवाहिकेत दोन जण बसतात: त्याला ओळखणारा एक, आणि कारखान्याचा एक, ज्याच्याकडे आधार आणि ईएसआय कार्डाची प्रत आणि हाताशी पैसे आहेत. ओळखणारा माणूस फार महत्त्वाचा, कारण पुढचा प्रश्न ओळखीचाच आहे.

तो नक्की कोण आहे? प्रश्न विचित्र वाटेल. पण कंत्राटी कामगार कधी कधी दुसऱ्याच्या गेट पासवर आत येतो. नेहमीचा माणूस लग्नाला गेलेला असतो आणि त्याच्या जागी भाऊ किंवा गाववाला आलेला असतो. हजेरीत एक नाव असतं, पट्ट्यापाशी दुसरा माणूस. अशा वेळी पासवरच्या नावाच्या घरी फोन गेला तर एका घरी विनाकारण आकांत होतो आणि ज्या घराला कळायला हवं ते घर झोपलेलं राहतं. म्हणून फोन करण्याआधी ओळख दोन वेगवेगळ्या माणसांकडून, एकमेकांसमोर न विचारता, पक्की करायची. एक त्याच्यासोबत काम करणारा आणि एक खोलीवरचा सोबती. आपल्या प्रसंगात हा टाकळघाटला तीन जणांबरोबर भाड्याच्या खोलीत राहतो. त्यातला एक जण याच पाळीत पॅकिंगला आहे. त्याने नाव सांगितलं, गाव सांगितलं: साकोली तालुका, जिल्हा भंडारा. घरी आई-वडील, बायको, दीड वर्षांचा मुलगा. थोरला भाऊ हिंगण्याला दुसऱ्या कंपनीत आहे.

आता संपर्काचा नंबर. नोकरीच्या अर्जात ‘आपत्कालीन संपर्क’ असा रकाना असतो. कंत्राटदाराने पंचवीस माणसांचे अर्ज एका बैठकीत भरलेले असतात आणि पंचवीसच्या पंचवीस रकान्यांत एकच नंबर असतो, कंत्राटदाराच्या सुपरवायझरचा. रात्री दोनला हे उघडकीला येतं. यावर माझं मत स्पष्ट आहे: हा रकाना तपासणं हे सुरक्षा अधिकाऱ्याचं काम आहे, हेल्मेट तपासण्याइतकंच. कामगार समोर बसलेला असताना त्या नंबरवर फोन लावायचा, पलीकडून कोण बोलतं ते ऐकायचं, दर तीन महिन्यांनी पुन्हा. सोबत आणखी एक प्रश्न त्यालाच विचारायचा: ‘तुला काही झालं तर घरी आधी कोणाला सांगू?’ बरेच जण बायकोचं नाव सांगत नाहीत. भावाचं, मामाचं, कधी पोलीस पाटलाचं सांगतात. त्यांना त्यांचं घर माहीत असतं.

एव्हाना अर्धा तास झालेला आहे आणि पाळीतल्या साठ माणसांच्या खिशात साठ मोबाईल आहेत. कोणी तरी फोटो काढलेला आहे. फोन काढून घेणं हा उपाय नाही. त्याने ‘कंपनी दडपते आहे’ हीच बातमी गावात आधी पोहोचते. 17 डिसेंबर 2023 ला बाजारगावच्या स्फोटकांच्या कारखान्यात 9 कामगार गेले, तेव्हा आपला माणूस आत आहे की नाही, जिवंत आहे की नाही, या एका प्रश्नासाठी नातेवाईक फाटकाबाहेर जमले होते. ती गर्दी उत्तरासाठी असते, दंग्यासाठी नाही. उत्तर मिळालं नाही की तिचं दुसरं काही होतं. म्हणून इन्चार्जने पाळीतल्या सगळ्यांना, काम थांबवून, एका जागी गोळा करावं आणि दोन मिनिटांत सांगावं: काय झालं, त्याला कुठे नेलं, काय माहीत नाही. आणि मग मागणी नाही, विनंती करावी: ‘त्याच्या घरी आम्ही पुढच्या अर्ध्या तासात फोन करतो आहोत. तोपर्यंत फोटो कुठे पाठवू नका. त्याच्या बायकोला हे व्हॉट्सॲपवर दिसू नये.’ असं सांगितलं की माणसं ऐकतात. ‘कोणी पाठवला तर कारवाई होईल’ म्हटलं की ऐकत नाहीत.

लॉकर रूममध्ये त्याचा फोन वाजतो आहे. स्क्रीनवर ‘घर’ असं नाव. कोणीतरी आधीच सांगितलेलं असणार. तो फोन जवळ उभ्या असलेल्या कोणीही उचलायचा नाही आणि बंदही करायचा नाही. बंद झालेला फोन घरी सगळ्यात वाईट बातमी देतो. ताबडतोब इन्चार्जने ठरलेल्या नंबरवर स्वतःहून फोन करायचा.

आणि आता ते वाक्य. ‘किरकोळ लागलंय, घाबरू नका, तुम्ही या.’ आपल्याकडे अपघाताचा जवळजवळ प्रत्येक फोन या वाक्याने सुरू होतो. सांगणारा दुष्ट नसतो. रात्रीच्या प्रवासात म्हाताऱ्या बापाला काही होऊ नये, ड्रायव्हर घाबरून गाडी ठोकू नये, बायकोने वाटेत हंबरडा फोडू नये, अशी त्याची भावना असते. पण त्याचं काय होतं ते पाहा. घरचे ‘किरकोळ’ धरून निघतात. कोणी निघतच नाही, सकाळची बस धरू म्हणतात. पैसे घेत नाहीत, थोरल्या माणसाला सोबत घेत नाहीत. रुग्णालयात पोहोचतात आणि पांढरी चादर दिसते. ज्याने ‘किरकोळ’ म्हटलं त्याचा आवाज त्यांना कायमचा लक्षात राहतो. त्यानंतर कारखाना पोस्टमॉर्टेमबद्दल, भरपाईबद्दल, पट्ट्याबद्दल जे काही खरं सांगेल, ते त्या पहिल्या खोट्याच्या शेजारी ठेवून ऐकलं जातं. शिवाय तो जिवंत असताना पोहोचण्याची एक शक्यता होती, तीही त्या शब्दाने हिरावून घेतलेली असते.

खरं सांगणं म्हणजे सगळं सांगणं नव्हे. जखमेचं वर्णन फोनवर करायचं नाही, आणि जगेल की नाही याचा अंदाज तर मुळीच नाही. आपल्या प्रसंगात 2:35 ला भावाला केलेला फोन साधारण असा असावा:

‘मी अमुक कंपनीतून शिफ्ट इन्चार्ज बोलतो आहे. तुम्ही त्याचे मोठे भाऊ ना? दादा, तुमच्याजवळ आता कोणी आहे का? बसून घ्या. तुमच्या भावाला कामावर अपघात झाला आहे. हाताला आणि छातीला लागलं आहे, आणि ते गंभीर आहे. त्याला वर्धा रोडच्या रुग्णालयात नेत आहेत, आमचा माणूस आणि त्याच्या खोलीवरचा मित्र सोबत आहे. मी तुमच्याकडे गाडी पाठवतो आहे.’

मग थांबायचं. पलीकडची शांतता भरून काढायची नाही. ‘का झालं जी? जिवंत आहे ना?’ असा प्रश्न येईल. उत्तर: ‘गेला तेव्हा शुद्धीवर होता. आता डॉक्टर बघत आहेत. मला यापेक्षा जास्त माहीत नाही. पंधरा मिनिटांत मी पुन्हा फोन करतो.’ आणि पंधरा मिनिटांत फोन करायचाच, नवं काही नसलं तरी. ‘अजून आतच आहे, डॉक्टर बाहेर आलेले नाहीत’ हीसुद्धा बातमी असते. जो नंबर दिला तो पुढचे दोन दिवस उचलला गेला पाहिजे, म्हणून चार्जर आणि बदली माणूस दोन्ही ठरवून ठेवायचे.

साकोलीकडच्या गावाला कसं सांगायचं ते भावाला विचारायचं, त्याच्यावर लादायचं नाही. तो कदाचित म्हणेल, ‘बाबूजींना मीच सांगतो, तुम्ही गाडीचं पाहा.’ ही गाडी बुटीबोरीहून पाठवू नये, दोन-अडीच तास फुकट जातात. साकोली किंवा लाखनीला गाडी ठरवायची, भाडं आपण द्यायचं, आणि गाडीत घरच्यांसोबत ओळखीचा एक धीराचा माणूस बसेल असं पाहायचं. मुलाचं दूध, आईची गोळी यांची आठवण करून देणारं कोणी हवं. शंभरेक किलोमीटरचा रस्ता आहे.

4:35 ला तो गेला. गाडी अजून भंडाऱ्याच्या अलीकडे आहे. आता काय? मृत्यू सांगायचा तो समोरासमोर, आणि डॉक्टरांनी. पण फोनवर कोणी थेट विचारलं, ‘गेला का?’, तर नाही म्हणायचं नाही. ‘गाडीत कोण कोण आहे? पुढे बसलेल्या काकांना फोन द्या आणि गाडी बाजूला घ्यायला सांगा,’ एवढं म्हणून त्या माणसाला खरं सांगायचं. कोणी विचारलं नाही तर आपण होऊन धावत्या गाडीत सांगायचं नाही, पण सुधारणा आहे असंही भासवायचं नाही. ‘लवकर या, प्रकृती फार वाईट आहे’ हे त्याच्या आधीच्या फोनला सांगितलेलं असलं पाहिजे. बातमी पायरीपायरीने खाली उतरावी. किरकोळवरून मृत्यूवर एकदम नाही.

रुग्णालयात एक खोली मागून घ्यायची, कॉरिडॉर नाही. खुर्च्या आणि पाणी, बायांसाठी वेगळी जागा. कारखान्याकडून प्लांट हेड हजर असावेत. सगळे वरिष्ठ रांगेने उभे नकोत, दोनच माणसं पुरेत. त्यातला एक अंत्यसंस्कारापर्यंत तोच राहिला पाहिजे. दर चार तासांनी नवा चेहरा आला की घरच्यांना तीच कहाणी नव्याने सांगावी लागते. शब्द साधा वापरायचा: मृत्यू झाला. ‘आम्ही त्याला वाचवू शकलो नाही’ हेही चालेल. ‘देवाची मर्जी’ हे कारखान्याच्या तोंडी शोभत नाही, घरच्यांनी म्हटलं तर ऐकून घ्यावं. ‘त्याचीच चूक होती’ किंवा ‘त्याची काहीच चूक नव्हती’, दोन्ही म्हणायचं नाही, कारण सकाळी पाच वाजता ते कोणालाच माहीत नसतं. ‘कसं झालं ते आम्ही शोधतो आहोत आणि जे सापडेल ते तुम्हाला येऊन सांगू’ एवढं वचन द्यावं, आणि तारीख लिहून घ्यावी.

त्यानंतर पोलिसांचं काम सुरू होतं: मर्ग, पंचनामा, पोस्टमॉर्टेम. घरच्यांना यातलं काही माहीत नसतं आणि शव मिळायला उशीर झाला की कंपनी काही लपवते आहे असं वाटतं. म्हणून क्रम आधीच सांगायचा. पोलीस जबाब घेतील, घरच्यांपैकी एकाला ओळख पटवावी लागेल, मग पोस्टमॉर्टेम, मग ताबा. शववाहिनी गावापर्यंत आपण ठरवायची. कारखान्यानेही त्याच रात्री औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला आणि पोलिसांना फोनवर कळवायचं असतं. महाराष्ट्राच्या कारखाने नियमांत लेखी सूचनेला 12 तास होते. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्याने नमुने बदलत आहेत, पण ताबडतोब कळवण्याची अपेक्षा तशीच आहे.

त्याच्या वस्तू. चपला, डबा, मोबाईल, पाकीट, लॉकरमधला शर्ट. पोलिसांनी घेतलेलं सोडून उरलेलं यादी करून स्वच्छ पिशवीत, कोणा थोरल्याच्या हातात द्यायचं. डब्यात उरलेलं अन्न टाकून डबा घासून ठेवावा का? उत्तर सोपं वाटतं, पण तो डबा कोणी भरला होता ते आधी विचारावं. खोलीवरच्या मित्रांनी भरला असेल तर घासून द्यावा. बायको गेल्या आठवड्यात इथेच होती आणि लोणचं तिच्या हातचं असेल, तर तिला विचारल्याशिवाय त्याला हात लावू नये.

पैशाबद्दल त्या दिवशी एकच गोष्ट करायची: अंत्यसंस्काराचा आणि प्रवासाचा खर्च, कसल्याही सहीशिवाय. तेराव्याच्या आत ‘पाच लाख घ्या आणि इथे सही करा’ असा कागद घेऊन जाणारे मध्यस्थ निघतात. त्या सहीला फारसा अर्थ नसतो. 1923 च्या भरपाई कायद्याच्या कलम 8 प्रमाणे मृत्यूची भरपाई आयुक्तांकडे जमा करावी लागे, आणि त्या कायद्याची जागा घेतलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती सक्षम अधिकाऱ्याकडेच जमा करायची असते. घरच्यांच्या हातात थेट दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरली जात नाही, फक्त तीन महिन्यांच्या पगाराइतकी उचल चालते. 1923 च्या कायद्याचा हिशेबही मध्यस्थाच्या आकड्याच्या जवळपास नव्हता. पगार 15,000 धरला तर त्याचे निम्मे 7,500, गुणिले सव्वीस वर्षांच्या वयाचा गुणक 215.28, म्हणजे 16,14,600 रुपये. माणूस ईएसआयमध्ये असेल तर मात्र हा रस्ता बंद होतो आणि दरमहा पेन्शन मिळतं. पगार 14,000 असेल तर त्याच्या 90 टक्के, म्हणजे साधारण 12,600. त्यातले तीन पंचमांश विधवेला आणि दोन पंचमांश मुलाला. म्हणून एचआरने सकाळी पहिल्यांदा पाहायचं ते हे की कंत्राटदाराने त्याची ईएसआय नोंदणी अपघाताच्या आधी केली होती की नाही. नसेल, तर ते लपवण्यासाठी मागची तारीख घालायचा मोह होतो. तो मोह पुढच्या सगळ्या चौकशीचा पाया कुजवतो.

इकडे कारखान्यात सकाळची पाळी येऊ लागते. लोकांना ते दृश्य दिसू नये म्हणून कोणीतरी पाइप घेऊन जागा धुवायला निघतो. हेतू चांगला, पण थांबवायचं. जागा दोरीने बंद करून माणूस बसवायचा. दोरीच्या बटणाची, पॅनेलची, जाळीची, फावड्याची जागा न हलवता फोटो. सीसीटीव्हीची नोंद आजच कॉपी करायची, कारण यंत्र जुनं पुसून नवं भरत राहतं. आणि ज्याने दोरी ओढली त्याला घरी पाठवायचं, पगार न कापता, एकट्याला नाही. तो आठवडाभर झोपणार नाही, आणि त्याला कोणी ना कोणी विचारेल, ‘आधी का नाही ओढली?’

चौकशीच्या पहिल्या मसुद्यात कारण म्हणून बहुतेकदा एकच शब्द येतो: निष्काळजीपणा. हा शब्द खोडून पुढे जाण्याची ताकद ज्या वरिष्ठात असते त्यालाच मी नेता म्हणेन. सोपी कसोटी आहे. बाकीच्या दोन पाळ्यांतल्या, टेल एंडला काम करणाऱ्या तीन-चार जणांना, त्यांच्या सुपरवायझरशिवाय विचारा: तुम्ही कोळसा कसा काढता? चौघांनीही ‘पट्टा चालू असतानाच’ सांगितलं, तर गेलेल्या माणसाने वेगळं काही केलेलं नव्हतं.

मग मागे मागे जायचं. चालू पट्ट्यावर का काढतात? कारण पट्टा थांबवायला कंट्रोल रूमला फोन करावा लागतो आणि पुन्हा सगळी साखळी क्रमाने सुरू व्हायला वीस-पंचवीस मिनिटं जातात. तेवढ्यात बॉयलरचा दाब उतरला की इन्चार्जलाच वरून फोन येतो. पुलीपुढची संरक्षक जाळी का नव्हती? कारण फावडं जाळीतून आत जात नाही. बोल्ट काढून ती भिंतीला टेकवून ठेवलेली होती, धुळीच्या थरावरून कळत होतं की महिनाभर तरी. दोरी ओढल्यावर पट्टा लगेच का थांबला नाही? कारण ती सैल होती. हातभर ओढल्याशिवाय बटण पडत नव्हतं. आणि मुळात कोळसा सांडत का होता? कारण लोडिंग पॉइंटचं स्कर्ट रबर, म्हणजे कोळसा पट्ट्याच्या कडेने बाहेर पडू न देणारी रबराची पट्टी, झिजलं होतं. त्याची मागणी दोन महिन्यांपूर्वी टाकलेली, स्टोअरमध्ये पडून. एका झिजलेल्या रबराच्या पट्टीपासून ही ओळ सुरू होते आणि माणसापर्यंत येते. वाटेत जाळी नसल्याच्या जागेसमोरून रोज चालत गेलेल्यांच्या सह्या आहेत, त्यात प्लांट हेडचीही असते. ती सही त्यांनी स्वतः बैठकीत आधी दाखवली, की खालची माणसं खरं बोलू लागतात. त्याआधी नाही.

उपायांची यादी आली की ती उलट्या टोकाकडून वाचावी. ‘सर्वांना प्रशिक्षण’, ‘पोस्टर लावणे’, ‘टूलबॉक्स टॉक’ म्हणजे पाळीच्या सुरुवातीचं सुरक्षेचं छोटं बोलणं, यांना शेवटी टाकावं. पहिल्यांदा स्कर्ट रबर, म्हणजे सांडणंच कमी होईल. मग अशी जाळी जिच्या खालून सांडलेला कोळसा बाहेर घसरून येईल आणि फावडं बाहेरच चालेल. टेल एंडलाच कुलूप लावता येणारा स्विच, म्हणजे कंट्रोल रूमची मनधरणी नको. दोरी दर आठवड्याला ओढून तपासायची. आणि पट्टा थांबवल्याबद्दल कोणाला जाब विचारला जाणार नाही हे लेखी, बॉयलर इन्चार्जच्या सहीने. महिन्याने आणि तीन महिन्यांनी तपासायला जायचं ते रात्री दोनला. दुपारी अकराला सगळ्या जाळ्या जागेवर असतात.

तीन महिन्यांनी, वहीत लिहिलेल्या तारखेला, साकोलीकडे जायचं. वकील नको म्हणतील. कोर्टात असलेल्या मुद्द्यांवर बोलू नये हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे, पण काय सापडलं आणि काय बदललं हे सांगायला अडचण नसते. अहवालाची जाड प्रत नेऊन काही उपयोग नाही. कागदावर पट्टा, पुली आणि जाळी काढून दाखवायची. वडील शेतकरी आहेत, मळणी यंत्राचा पट्टा त्यांनी आयुष्यभर पाहिला आहे, त्यांना चटकन कळतं. ते जाळीबद्दल विचारतील. भाऊ विचारेल की दुसऱ्या कोणाला शिक्षा झाली का.

त्याची बायको बहुधा यातलं काही विचारत नाही. ती विचारते, तो काही बोलला का.

यासाठी ती वही न्यायची, आणि तो सोबती यायला तयार असेल तर त्यालाही. 2:05, पाणी मागितलं, दिलं नाही, ओठ ओले केले. 2:09, मुलाचं नाव घेतलं. 2:14, ‘दादाले फोन लाव’ म्हणाला.